दहावर एक फ्री: अकरावी पेटी वहीत कुठे लिहायची?

आज आपण एकच गोष्ट बघणार आहोत. कंपनी डीलरला सांगते, ‘दहा पेट्या घ्या, अकरावी फ्री.’ माल येतो, बिल येतं, आणि दुकानात प्रश्न उभा राहतो की ही अकरावी पेटी लिहायची कशी? पैसे तर दिलेले नाहीत, पण पेटी गोदामात आहे.

एक उदाहरण घेऊ. कपडे धुण्याच्या पावडरची पेटी, दर १,१०० रुपये. सोयीसाठी कर बाजूला ठेवू. दहा पेट्यांचे ११,००० रुपये झाले आणि गोदामात अकरा पेट्या उतरल्या. मग एक पेटी कितीला पडली? ११,००० भागिले ११, म्हणजे १,००० रुपयांना. फुकट अशी एकही पेटी नाही; अकराही पेट्या थोड्या थोड्या स्वस्त झाल्या. पुष्कळ जण या स्कीमला दहा टक्के सूट म्हणतात, तेही चूक आहे. १,१०० वर १०० रुपये सुटले, म्हणजे सूट साधारण ९.०९ टक्के.

आता समजा ३१ मार्चपर्यंत पाच पेट्या १,१५० रुपयांनी विकल्या गेल्या. ५,७५० रुपये आले. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ५,०००, म्हणजे नफा ७५०. आणि सहा पेट्या शिल्लक, त्यांची किंमत ६,०००. हा खरा हिशेब.

पण आम्ही वह्या तपासायला बसतो तेव्हा दोन चुका हमखास दिसतात. पहिली, बिलावर पैसे दहांचेच आहेत म्हणून स्टॉकलाही दहाच जमा करायच्या. मग वहीत पाच पेट्या शिल्लक, किंमत ५,५००, आणि नफा दिसतो फक्त २५०. मोजायला गेलं तर रॅकवर सहा. ही जास्तीची पेटी वहीत नसल्यामुळे तिच्यावर कुणाचं लक्ष नसतं. ती बिलाशिवाय विकली गेली किंवा कुणी उचलून नेली तरी कळत नाही. आणि तिचं रीतसर बिल केलं, तर कधी ना कधी त्या मालाची शिल्लक उणे दाखवते. उणे शिल्लक दिसली की आधी स्कीमची खरेदी बिलं काढून बघावीत.

दुसरी चूक उलटी. स्टॉकला अकरा जमा केल्या, हे बरोबर, पण वर्षअखेरीला शिल्लक सहा पेट्या बिलावरच्या दराने, १,१०० ने धरल्या. साठा झाला ६,६०० आणि नफा फुगून १,३५०. जो ६०० रुपयांचा नफा अजून झालेलाच नाही, त्यावर आयकर भरायची वेळ येते.

यावर उपाय सोपा आहे. नगाचे दोन आकडे ठेवायचे: प्रत्यक्ष आलेले आणि पैसे लागलेले. टॅली वापरत असाल तर त्यात `Actual` आणि `Billed` असे दोन वेगळे रकाने सुरू करता येतात. पहिल्यात ११, दुसऱ्यात १०, दर १,१००, रक्कम ११,०००. सरासरी पद्धतीने साठ्याची किंमत काढली की १,००० आपोआप येतात. फ्री पेटीसाठी ‘पावडर फ्री’ असा वेगळा माल मात्र उघडू नका. विकताना सगळी विक्री मूळ नावावर पडते आणि फ्रीच्या नावावर पेट्या नुसत्या साठत जातात. एकीकडे उणे, दुसरीकडे जास्त.

जीएसटीचं काय? इथे बरेच लोक घाबरतात, की फुकट दिलेल्या मालाचा इनपुट क्रेडिट कंपनीला सोडावा लागेल. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ७ मार्च २०१९ च्या ९२/११/२०१९ या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. ‘एकावर एक’ सारख्या स्कीममध्ये सगळ्या नगांची मिळून एकच किंमत घेतलेली असते, त्यामुळे तो फुकट पुरवठा धरत नाहीत आणि क्रेडिटही जात नाही. मोफत नमुना म्हणून वाटलेल्या मालाचं तसं नाही. तिथे क्रेडिट मिळत नाही. म्हणून फ्री पेटी त्याच बिलावर, त्याच मालाखाली दिसली पाहिजे. वेगळ्या चिठ्ठीवर पाठवलेली पेटी नंतर स्कीमची होती हे दाखवणं अवघड जातं.

फ्री वस्तू वेगळी असेल, म्हणजे पावडरीवर बादली, तर मात्र दोन मालांच्या कराच्या दरांचा प्रश्न येतो, आणि तो वेगळा तपासावा लागतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. समोरचं गिऱ्हाईक पेटी १,०५० ला मागतंय. बिलावरचा दर बघणारा डीलर म्हणेल, पन्नास रुपये तोटा, परवडत नाही. ज्याच्या वहीत अकरा पेट्या ११,००० ला लिहिल्या आहेत, त्याला माहीत असतं की पन्नास रुपये सुटतायत.