मध्यरात्री सुरू होणारी जाहिरात

देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचं उदाहरण घेऊ. एप्रिल-मेमध्ये तो इन्स्टाग्रामवर रोज एक-दोन पोस्ट टाकतो: झाडावरची काढणी, गवतातली अढी, पेट्या भरणं. जाहिरातीला दिवसाला 600 रुपये खर्च करायची त्याची तयारी आहे, एक रुपयाही जास्त नाही. कोणत्या पोस्टला पैसे लावायचे हे रोज फोन हातात घेऊन ठरवायला त्याला सवड नाही. म्हणून तो एक नियम लावून घेतो. जी पोस्ट पैसे न घालता आपल्या बळावर चांगली चालली असेल तीच आपोआप बूस्ट व्हावी, बाकीच्यांना हात लागू नये. असा नियम चालवणारी तयार सॉफ्टवेअरं मिळतात, जाणकार माणूस तो स्वतःही लिहू शकतो. खरी मेहनत दोन प्रश्नांत आहे: ‘चांगली चालली’ म्हणजे काय, आणि 600 रुपये म्हणजे खरोखर 600च कसे राहतील?

आधी पहिला प्रश्न. बहुतेक जण लाइक मोजतात आणि तिथेच चुकतात. पाडव्याच्या शुभेच्छांना लाइक भरपूर मिळतात, पण त्यातून पेटी विकली जात नाही. ज्याला आंबा हवा असतो तो भाव विचारतो, पोस्ट सेव्ह करतो किंवा घरच्यांना पाठवतो. म्हणून आपल्या बागायतदाराने लाइक मोजायचेच नाहीत असं ठरवलं. एका कमेंटला 2 गुण, एका शेअरला 3, एका सेव्हला 3. त्या गुणांची बेरीज करायची, ती पोस्ट किती जणांनी पाहिली त्या संख्येने भागायची आणि 100ने गुणायची. म्हणजे दर 100 प्रेक्षकांमागे किती गुण मिळाले ते कळतं.

हे मोजमाप प्रत्येक पोस्टला बरोबर 24 तास झाले की घ्यायचं आणि वहीत टिपून ठेवायचं. चार दिवसांच्या पोस्टची तुलना चार तासांच्या पोस्टशी केली तर जुनीच जिंकणार. मागच्या 30 पोस्टचे असे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढायचा. समजा तो 1.5 आला. त्याच्या दुप्पट, म्हणजे 3, हा उंबरठा. इथे सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एखादी व्हायरल रील सरासरी एकटीच वर खेचते आणि मग महिनाभर कोणतीच पोस्ट उंबरठा ओलांडत नाही.

आता हिशेब करून पाहू. अढी उघडतानाची रील 1,400 जणांनी पाहिली. तिला 9 कमेंट, 11 शेअर आणि 4 सेव्ह मिळाले. गुण झाले 63, दर शंभरी 4.5, म्हणजे पास. पाडव्याची शुभेच्छा 2,000 जणांनी पाहिली, तिला 25 कमेंट आणि 2 शेअर. गुण 56, दर शंभरी 2.8, नापास. तिसरी पोस्ट जेमतेम 90 जणांपर्यंत पोचली, तिला 2 कमेंट आणि 1 शेअर. तिचा आकडा 7.8 येतो, पण तीन नातेवाइकांनी मनावर घेतलं तरी एवढा येतो. म्हणून किमान 500 प्रेक्षकांची अट हवीच.

चौथी पोस्ट जास्त शिकवते. ‘ट्रक उशिरा निघाला, पेट्या दोन दिवसांनी पोचतील’ ही सूचना 1,600 जणांनी पाहिली आणि तिच्याखाली 40 कमेंट आल्या. 3 शेअर धरून आकडा 5.6 होतो. नियमाच्या दृष्टीने ही सर्वांत यशस्वी पोस्ट, आणि तिच्याखाली चिडलेली गिऱ्हाइकं बोलताहेत. आकड्याला राग आणि कौतुक यांतला फरक कळत नाही. म्हणून पोस्ट लिहितानाच तिच्यावर एक ठरावीक हॅशटॅग लावायचा आणि तो नसलेली पोस्ट नियमाने पाहायचीच नाही. कमेंटमध्ये ‘पैसे परत’, ‘खराब’, ‘अजून आली नाही’ असे शब्द दिसले तर हॅशटॅग असूनही थांबायचं.

आणखी एक फास आहे. पोस्ट बूस्ट झाली की पैशाने आलेले शेअर आणि कमेंटही तिच्या खात्यात जमा होतात. ते मोजले तर ती पोस्ट पुन्हा पास होते आणि पुन्हा पैसे खाते. 24 तासांना टिपलेला आकडा कायमचा गोठवायचा आणि एका पोस्टला एकदाच संधी द्यायची, एवढ्याने हे टळतं.

आता पैशाचा प्रश्न. पुष्कळ लोक इथे फसतात आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण फसणाऱ्याने काही चुकीचं वाचलेलं नसतं. मेटाच्या जाहिरातीत ‘डेली बजेट’ 600 लिहिलं तर तो त्या दिवसाचा कमाल खर्च असेल असं कोणालाही वाटेल. पण तो आकडा सरासरी म्हणून धरला जातो. एखाद्या दिवशी संधी चांगली दिसली तर मेटा 75 टक्क्यांपर्यंत जास्त, म्हणजे 1,050 रुपयेही खर्च करू शकते. हमी मिळते ती आठवड्याची: सात दिवसांच्या बजेटपेक्षा, इथे 4,200पेक्षा, जास्त जाणार नाही. मोठ्या कंपनीला हे चालतं. ज्याच्या खात्यात आजचे 600च आहेत त्याला चालत नाही.

यावरचा उपाय म्हणजे डेली बजेट वापरायचंच नाही. प्रत्येक बूस्टला ‘लाइफटाइम बजेट’ द्यायचं, 300 रुपये. त्या बूस्टच्या पूर्ण आयुष्यात तेवढेच जातात. दिवसाला असे दोनच बूस्ट. पण संध्याकाळी सहाला सुरू झालेला 24 तासांचा बूस्ट दुसऱ्या दिवसावर सांडतो. काल उशिरा सुरू केलेल्या दोन बूस्टचे बहुतेक पैसे आज गेले आणि आजच्या दोनांचेही आजच गेले, तर एकाच तारखेला 1,200च्या जवळ आकडा पोचतो. म्हणून निवड रात्री 11 वाजता करायची आणि बूस्ट मध्यरात्री 12 ते पुढच्या मध्यरात्री 12 असा लावायचा. दुपारी रंगात आलेल्या रीलला रात्रीपर्यंत थांबावं लागतं, हे नुकसान खरं आहे, पण खर्चाची भिंत पक्की होते.

ही मध्यरात्र कुठली, हे मात्र तपासायला हवं. जाहिरात खात्याचा दिवस खात्याच्या टाइमझोनप्रमाणे बदलतो. खातं उघडताना चुकून लॉस एंजेलिसची वेळ राहिली असेल तर एप्रिलमध्ये त्याचा दिवस आपल्या दुपारी साडेबाराला सुरू होतो. मग रोजचा खर्च पाहताना बागायतदाराचा एक बूस्ट दोन तारखांत विभागलेला दिसतो आणि हिशेब जुळत नाही. टाइमझोन बदलायचा तर नवं जाहिरात खातं उघडावं लागतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावं.

नियमाने पैसे मोजण्याची रीतही बदलायला हवी. ‘आज आतापर्यंत किती खर्च झाला’ हे विचारून निर्णय घेतला तर घोटाळा होतो, कारण खर्चाचा आकडा उशिराने दिसतो. त्याऐवजी ‘आज किती रुपयांचा शब्द दिला’ हे मोजायचं. एक बूस्ट लावला की 300 वहीतून वजा, मग प्रत्यक्षात ते खर्च होवोत वा न होवोत. नियम स्वतः लिहिणाऱ्याने एक खूणगाठ बांधावी: `lifetime_budget` रुपयांत नव्हे, पैशांत लिहायचं असतं. 300 रुपयांसाठी 30000.

याबाहेर खात्याची एकूण खर्चमर्यादाही लावता येते. ती रोज नव्याने सुरू होत नाही. हंगामाचे 30 दिवस धरून 18,000वर ठेवली की नियम बिघडला तरी त्यापुढे काही जात नाही. 600वर 18 टक्के जीएसटी धरला तर खिशातून 708 जातात, हेही आधीच मोजून ठेवावं.

एखाद्या रात्री एकही पोस्ट पास होत नाही. त्या दिवशीचा खर्च शून्य, आणि वाचलेले 600 उद्याच्या खात्यात ढकलायचे नाहीत. पास झालेल्यांतही काही जणी नशिबाने पुढे आलेल्या असतात आणि पैसे लावल्यावर थंडावतात. हे ओळखायला दर तिसरी पास झालेली पोस्ट मुद्दाम बूस्ट न करता सोडावी आणि पुढच्या दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर भाव विचारणारे किती आले ते दोन्हींकडे पाहावं. फरक दिसत नसेल तर उंबरठा 3वरून 4वर न्यावा.

शेवटची अडचण साठ्याची. अढी उघडतानाची रील मेच्या तिसऱ्या आठवड्यातही उंबरठा ओलांडेल, पण तोवर घरात पेट्याच उरलेल्या नसतील. म्हणून रात्री 11च्या निवडीआधी नियमाने साठ्याचा आकडा पाहावा. शिल्लक 20 पेट्यांच्या खाली गेली की त्या रात्रीची मर्यादा शून्य.