जीव घाबरा होतो तेव्हा विचारायचा एक प्रश्न



"टेन्शन आलंय" हा शब्द आपल्या वस्तीत इतका स्वस्त झाला आहे की त्याच्या आडचा आजार दिसत नाही. हप्ता थकला की टेन्शन येते आणि हप्ता भरला की उतरते. तो आजार नव्हे. पण काहींचे टेन्शन कारण संपले तरी उतरत नाही. छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, श्वास पुरत नाही, रात्री दोन-तीनला जाग येते ती पहाटेपर्यंत. हा चिंतेचा आजार. तो औषधाने आणि समुपदेशनाने बरा होतो. आज मात्र आम्ही त्यातल्या एकाच गोष्टीवर लिहीत आहोत. ही भीती सोसवेनाशी झाली की माणसाच्या मनात स्वतःला इजा करण्याचे, जीव देण्याचे विचार येऊ लागतात. ते घरच्यांना ओळखता येतात, पण ओळखायला उशीर होतो.

एका ताईंची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय तिशीचे, चार घरची धुणीभांडी, नवरा रिक्षा चालवतो, गटाचे कर्ज दोन ठिकाणचे. एका रात्री त्यांचा जीव घाबरा झाला, छाती दाबून आली, आता मरते असेच वाटले. दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. पंधरा दिवसांत हेच आणखी दोनदा झाले. छातीत दुखले तर पहिल्यांदा दवाखान्यातच जावे, हे बरोबरच. पण तपासण्या चांगल्या आल्यावर "काही नाही" म्हणून विषय मिटत नाही. भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतो. हृदय ठीक असते, भीती खरी असते.

मग घरात सुरू झाले ते आपल्याकडे नेहमी होते तेच. सासूबाई म्हणाल्या नाटक करते, शेजारीण म्हणाली बाहेरचं लागलंय, एका बाबाचे नाव सुचवले. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी हे बाबा आपल्या गल्लीतून जात नाहीत. त्यांच्या पायी पैसे जातात ते जातातच, पण या आजारात त्याहून महागाचे जातात ते दिवस. इथे महिनाभर गेला.

त्या महिन्यात ताईंचे बोलणे बदलले. आधी त्या म्हणायच्या, "मला काही होईल का?" नंतर म्हणू लागल्या, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास." मग एकदा म्हणाल्या, "झोपले ती उठलेच नाही तर बरं." घरच्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. चिंता झालेला माणूस मरणाला घाबरत असतो. तोच मरणात सुटका पाहू लागला की धोका वाढला असे समजावे. त्याला बहुधा मरण नको असते, ही भीती थांबायला हवी असते, आणि न झोपलेल्या डोक्याला दुसरा रस्ता दिसत नाही. काहींना उलटेच होते. "मी काही करून तर बसणार नाही ना?" या विचाराचीच त्यांना भीती वाटते. दोन्हींना डॉक्टरांची गरज आहे, आणि यातला फरक घरी बसून ठरवायचा नसतो.

ताईंच्या नणंदेने एका संध्याकाळी त्यांना बाजूला बसवून सरळ विचारले, "वहिनी, खरं सांग, जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?" ताई खूप रडल्या आणि हो म्हणाल्या. विचारल्याने मनात नसलेले शिरते, ही समजूत आहे. तसे होत नाही. उलट इतके दिवस एकटीने वाहिलेले ओझे खाली ठेवता येते. प्रश्न याच शब्दांत विचारावा. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असे विचारले की समोरचा नाहीच म्हणतो.

हो म्हटल्यावर नणंदेने आणखी दोन गोष्टी विचारल्या. कसे करायचे ते ठरवले आहे का, आणि त्यासाठी काही जवळ ठेवले आहे का. ताईंनी ठरवले होते. असे उत्तर आले तर ती तातडी आहे, सकाळची वाट पाहायची नाही. त्या माणसाला एक क्षणही एकटे सोडायचे नाही, अगदी मोरीत गेला तरी बाहेर कुणी उभे राहावे. घरातली औषधे, उंदराचे औषध, फिनेल-ॲसिड, धारदार वस्तू घराबाहेर विश्वासाच्या घरी नेऊन ठेवाव्यात. एका खोलीच्या घरात कुलपाने भागत नाही. जीव द्यायची उबळ लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा काही मिनिटांत, काही तासांत ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो.

नणंदेने १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येते. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. पलीकडचे समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर मानसोपचार डॉक्टरांशी जोडून देतात. पण कुणी काही घेतले असेल, जखम केली असेल, किंवा आवरेनासे झाले असेल, तर आधी १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२, नाहीतर मिळेल त्या रिक्षाने सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग. घेतलेल्या औषधाचे पाकीट बरोबर न्यावे, घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नये.

पोलीस केस होईल म्हणून लोक रुग्णालयात जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करत नाहीत. रुग्णालयात एम.एल.सी. नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात. ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे.

त्या रात्री नणंद ताईंजवळ झोपली. सकाळी दोघी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेल्या. डॉक्टरांनी थायरॉईड आणि रक्त तपासले, कारण थायरॉईड वाढले तरी अशीच धडधड होते. मग गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत कुणाकुणाची बेचैनी वाढते, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींची. त्या दिवसांत जास्त लक्ष ठेवावे, विचार वाढले तर तारखेची वाट न पाहता परत जावे. गोळ्या घरच्या एकाने सांभाळाव्यात, रोजच्या रोज द्याव्यात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. झोपेची गोळी दिली असेल तर ती थोड्याच दिवसांपुरती असते, आणि तिच्याबरोबर दारू जिवावर बेतते.

समुपदेशक बाईंनी ताईंकडून वहीच्या एका पानावर लिहून घेतले. विचार येण्याआधी काय होते: झोप उडते, जेवण जात नाही. तेव्हा काय करायचे: दार उघडून ओट्यावर येऊन बसायचे, सावकाश श्वास सोडायचा. कुणाकडे जायचे: नणंद, मग पलीकडच्या गल्लीतली मावशी, विहारातल्या एक उपासिका, तिघींचे फोन नंबर. त्याखाली १४४१६ आणि १०८. नावे ताईंनीच निवडली, सासूबाईंचे त्यात नव्हते, आणि त्यावरून घरात वाद घालायचा नाही असे नवऱ्याला बजावले गेले. मावशींना आधी विचारून घेतले होते, रात्री दोनला फोन आला तर उचलाल का म्हणून. त्या म्हणाल्या, "उचलते, पण माझा फोन रात्री बंद असतो, तू दारच वाजव."