प्रमाणपत्रावरून गळालेला ‘के’

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेली आपली मुलं-मुली पहिल्या सहा महिन्यांत जे कागद गोळा करतात, त्यांत ‘लेव्हल टू फूड हायजीन’चं प्रमाणपत्र बऱ्याचदा असतं. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं आणि हे काम बहुतेक वेळा कुठल्या तरी स्वयंपाकघरात मिळतं. उपाहारगृह, सँडविचचं दुकान, वृद्धाश्रमाचा मुदपाकखाना. मग मालक सांगतो, आधी हे सर्टिफिकेट करून ये. एका दिवसाचा वर्ग आणि शेवटी पर्यायी उत्तरांची परीक्षा. फ्रिजमधलं अन्न आठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, गरम ठेवलेलं त्रेसष्टच्या खाली येऊ द्यायचं नाही, ॲलर्जीचे चौदा पदार्थ कोणते, कच्च्या कोंबडीची सुरी सॅलडला का लावायची नाही, असा अभ्यासक्रम. परीक्षा फारशी अवघड नसते. निकाल येतो, प्रमाणपत्र येतं आणि त्यावर नाव चुकलेलं असतं.

समजा, मुलीचं नाव आहे वैष्णवी प्रकाश क्षीरसागर. पासपोर्टवर आडनाव KSHIRSAGAR. प्रमाणपत्रावर छापून आलं SHIRSAGAR. ‘के’ गेला. गेला कुठे, तर उपाहारगृहाच्या मॅनेजरने सहा कर्मचाऱ्यांची यादी केंद्राला ई-मेलने पाठवली. ती त्याने ऐकून टाइप केली होती आणि त्याच्या कानाला ‘के’ ऐकूच आला नव्हता. केंद्राने यादीतली नावं उचलून जशीच्या तशी नोंदणीत टाकली. मराठी नावांच्या बाबतीत असं फार होतं, कारण आपली तीन पदरी नावं त्यांच्या दोन रकान्यांत बसवायची असतात. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलीच्या नावाशेजारीच येतं, त्यामुळे कधी ‘प्रकाश’ हेच आडनाव होऊन बसतं.

यावर पहिला प्रश्न असा की एका अक्षराने बिघडतं काय? खरं सांगायचं तर अन्न तपासनीसाच्या दृष्टीने फार काही नाही. तिथल्या कायद्याला प्रमाणपत्र लागतच नाही. अन्न हाताळणाऱ्याला त्याच्या कामाच्या मानाने पुरेसं शिक्षण आणि देखरेख मिळालेली असावी, एवढीच कायद्याची अट आहे आणि ती पुरी करण्याची जबाबदारी धंदा चालवणाऱ्याची. तपासनीस फाइल उघडतो, कोणाला काय शिकवलंय ते बघतो, दोन प्रश्न विचारतो. दाराशी लावलेल्या शून्य ते पाच गुणांच्या पाटीवर एका ‘के’पायी फरक पडणार नाही. अडतं ते दुसरीकडे. नोकरी बदलताना एजन्सी किंवा वृद्धाश्रम पासपोर्ट आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवून बघतात, प्रमाणपत्राचा क्रमांक टाकून पडताळणी करतात, आणि तिथे दुसऱ्याच माणसाचं नाव दिसलं की अर्ज बाजूला पडतो. एजन्सीतल्या माणसाला क्षीरसागर आणि शीरसागर एकच आहेत हे कळायचं काही कारण नाही.

म्हणून पत्र लिहायचं. पण कोणाला? इथेच बरेच जण घोळ घालतात. शिकवणारं केंद्र वेगळं आणि प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी. केंद्र परीक्षार्थींची नावं नोंदवतं, परीक्षा घेतं, उत्तरपत्रिका पाठवतं. संस्था निकाल लावते आणि प्रमाणपत्र छापते. इंग्लंडमध्ये या संस्थांवर ‘ऑफक्वाल’ हे सरकारी नियामक कार्यालय लक्ष ठेवतं. संस्थेने वैष्णवीला कधी पाहिलेलंच नसतं, तिचा सगळा व्यवहार केंद्राशी. त्यामुळे संस्थेला थेट पत्र गेलं की पहिलं उत्तर बहुधा ‘तुमच्या केंद्रामार्फत या’ असंच येतं. शहाणपणाचं म्हणजे पत्र संस्थेच्या नावाने लिहावं, केंद्राकडे द्यावं आणि त्याची प्रत संस्थेलाही पाठवावी. केंद्राने टोलवाटोलवी केली तर आपण कधी कळवलं होतं याचा पुरावा संस्थेकडे राहतो.

आता पत्रात काय मागायचं. ‘मला नवीन प्रमाणपत्र द्या’ एवढंच मागितलं तर मागणी अर्धी राहते. छापील कागद ही संस्थेच्या संगणकातल्या एका नोंदीची प्रत असते. कागद नवा आला आणि नोंद जुनीच राहिली, तर पडताळणीत पुन्हा SHIRSAGAR दिसणार. म्हणून आधी नोंद दुरुस्त करा आणि मग त्या नोंदीवरून कागद द्या, असं स्पष्ट लिहायचं.

दुसरी गोष्ट संस्थेच्या बाजूने विचार केला की कळते. तिला भीती शुद्धलेखनाची नसते, तोतयाची असते. उत्तीर्ण झालेल्याचं प्रमाणपत्र नाव ‘दुरुस्त’ करून न बसलेल्या भावाला देता येऊ नये, हे तिला बघावं लागतं. म्हणून ‘माझं खरं नाव हे आहे’ एवढं सिद्ध करून भागत नाही. ‘परीक्षेला बसलेली ती मीच’ हे पटवावं लागतं. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाने ओळखपत्र पाहिलेलं असतं, हजेरीवर सही घेतलेली असते. पत्राने नेमकं त्यावर बोट ठेवायला हवं. जोडायचं ते ओळखपत्रही शक्यतो त्या दिवशी दाखवलेलंच, म्हणजे परीक्षेच्या आधीच्या तारखेचं. परीक्षेनंतर काढलेल्या कागदाने संशय वाढतो.

असं पत्र अर्थात इंग्रजीत जाईल, पण मसुदा साधारण असा:

“महोदय,

मी आपल्या संस्थेची लेव्हल टू फूड हायजीनची परीक्षा अमुक केंद्रात अमुक तारखेला दिली आणि उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्र क्रमांक अमुक, परीक्षार्थी क्रमांक अमुक.

प्रमाणपत्रावर माझं आडनाव SHIRSAGAR असं छापलं आहे. ते KSHIRSAGAR असं हवं. सुरुवातीचं K हे अक्षर गळलं आहे. नाव आणि जन्मतारीख बरोबर आहेत. नोंदणीसाठी पाठवलेल्या यादीत ही चूक झाली होती.

परीक्षेच्या दिवशी मी जो पासपोर्ट दाखवला, त्याच्या माहितीच्या पानाची प्रत सोबत आहे. हजेरीपत्रकावर माझी सही आहे.

कृपया आपल्या नोंदीत आडनाव दुरुस्त करावं आणि मूळ निकालाच्या तारखेसह सुधारित प्रमाणपत्र द्यावं. मूळ प्रमाणपत्र परत हवं असल्यास कुठे पाठवायचं ते कळवावं. नोंद दुरुस्त झाल्याचं ई-मेलने कळवलंत तर आभारी होईन.

आपली,
वैष्णवी प्रकाश क्षीरसागर”

बस, एवढंच. नोकरी अडली आहे, मालक ओरडतो आहे, आपण किती हुशार विद्यार्थिनी आहोत, यातलं काहीही घालायचं नाही. वाचणारा कारकून दोन नावं आणि एक क्रमांक शोधत असतो, ते त्याला चटकन सापडले पाहिजेत. चुकीचं आणि बरोबर नाव मोठ्या अक्षरांत द्यावं आणि कोणतं अक्षर गेलं तेही शब्दांत सांगावं. नाहीतर तो घाईत पुन्हा दुसरंच काही टाइप करतो.

आपल्याकडे नावात चूक म्हटलं की आधी स्टॅम्प पेपर आठवतो, मग नोटरी, मग राजपत्र. भारतातून प्रतिज्ञापत्र मागवण्यात आठवडे घालवणारी मुलं असतात. इथे त्याची गरज नसते. नाव बदललेलं नाही, दुसऱ्याने चुकीचं लिहिलंय, त्यामुळे पासपोर्टची प्रत पुरते. उलट जाडजूड प्रतिज्ञापत्र जोडलं की कारकुनाला वाटतं हे नाव बदलण्याचं प्रकरण आहे, आणि अर्ज दुसऱ्या खिडकीवर जातो. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर मात्र गोष्ट खरोखरच वेगळी. परीक्षेच्या दिवशी जे नाव होतं तेच प्रमाणपत्रावर बरोबर आहे, त्यात चूक कुणाचीच नाही. अशा वेळी अनेक संस्था नवा कागद द्यायला तयार नसतात किंवा विवाहाचा दाखला मागतात. तिथे प्रमाणपत्राला विवाहाच्या दाखल्याची प्रत जोडून पुढे जावं हे बरं.

पैशांचं काय? छापील कागद पुन्हा काढायला बऱ्याच संस्था शुल्क लावतात. चूक यादी बनवणाऱ्याची किंवा केंद्राची असेल तर ते शुल्क त्यांनी सोसावं असं नम्रपणे लिहायला हरकत नाही. फॉर्मवर आपणच चुकीचं लिहिलं असेल तर मुकाट्याने भरावं. नोंद दुरुस्त करण्याचं तसं नाही. ब्रिटनच्या माहिती संरक्षण कायद्याने आपल्याबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्यासाठी सहसा पैसे घेता येत नाहीत आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. पहिल्याच पत्रात कायदा काढू नये. बहुतेक वेळा काम त्याशिवाय होतं आणि कारण नसताना समोरचा आखडतो. महिना उलटून गेला तर दुसऱ्या पत्रात एका ओळीत या हक्काचा उल्लेख करावा. तरीही काही हललं नाही तर आधी केंद्राकडे तक्रार, मग संस्थेकडे, आणि तिथेही दाद लागली नाही तर ऑफक्वालकडे.

काही जण पत्राऐवजी पेन उचलतात. छापलेल्या नावाआधी सुबक ‘के’ काढतात, किंवा पीडीएफमध्ये अक्षर बसवतात. हे करू नये. पडताळणीत नोंद जुळली नाही की तो कागद खाडाखोड केलेला ठरतो, आणि बिनतोड खऱ्या प्रमाणपत्रावर खोटेपणाचा शिक्का बसतो.

सुधारित प्रमाणपत्र आलं की नाव बघून लगेच फोल्डरमध्ये टाकू नका. निकालाची तारीख मूळचीच आहे ना ते पाहा. या प्रमाणपत्राला कायद्याने मुदत नसली तरी बरेच मालक साधारण तीन वर्षांनी उजळणी मागतात. तारीख पुढची पडली तर पुढे हिशेब चुकतो आणि जुन्या अर्जातली तारीख नव्या कागदाशी जुळत नाही. कागदावर ‘बदली प्रत’ असा शेरा असला तर घाबरायचं कारण नाही, तो नियमानेच असतो. मग क्रमांक टाकून पडताळणी स्वतः करून बघा, आणि मोबाइलमधली जुनी पीडीएफ पुसून टाका. घाईच्या अर्जाला नेमकी तीच जोडली जाते.

आणि ज्यांची परीक्षा अजून व्हायची आहे त्यांनी हे पत्र लिहायची वेळच येऊ देऊ नये. मालकाला नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टवर छापलंय तसं टाइप करून पाठवा. परीक्षेला बसल्यावर उत्तरपत्रिकेवर किंवा पडद्यावर आपलं नाव आधीच लिहिलेलं असतं. पहिल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ते पासपोर्टशी अक्षर-अक्षर ताडून पाहा आणि चूक दिसली तर पर्यवेक्षकाला तिथेच हात वर करून सांगा. निकाल लागण्याआधी ती दुरुस्ती फुकटात होते.