शंभर एमबीपीएस, पण रात्री साडेनऊला किती?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "आपल्याकडे नेट कुणाचं चांगलं आहे?" असं विचारलं, की दहा मिनिटांत दोन टोकांची उत्तरं येतात. ए विंगमधले म्हणतात, डोळे मिटून घ्या. सी विंगमधले त्याच कंपनीबद्दल म्हणतात, चुकूनही घेऊ नका. आणि दोघंही खरंच सांगत असतात.

याचं कारण लाइनमध्ये आहे. जाहिरात कंपनीची असते, पण घरापर्यंतचा शेवटचा टप्पा अनेक ठिकाणी स्थानिक केबलवाल्याच्या किंवा फ्रँचायझीच्या हाती असतो. खांबावरून आणि गच्चीवरून वायर तोच ओढतो, तुटली तर त्याचाच माणूस जोडायला येतो. वाटेत एका फायबरला स्प्लिटर लावून त्यावर ३२, कधी ६४ घरं जोडलेली असतात. त्यामुळे दोन इमारतींत एकाच कंपनीचं नेट अगदी वेगळं वागू शकतं. कंपनीला दिलेल्या चार-पाच चांदण्या पाहून आपल्या घरी काय होईल, ते कळत नाही. ते कळतं तीन गोष्टी मोजल्या तर: वेग खरोखर किती मिळतो, नेट महिन्याला किती तास बंद असतं, आणि तक्रार केल्यापासून ते चालू व्हायला किती वेळ लागतो.

वेग मोजताना पहिला गोंधळ वाय-फायचा होतो. बेडरूममध्ये मोबाइलवर स्पीड टेस्ट करून कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण तिथे कंपनीच्या लाइनइतकीच मधल्या दोन भिंतींचीही परीक्षा होते. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा, घरातले बाकीचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे आणि मग टेस्ट करायची. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवर ९४-९५ आकडा आला तर लाइन पूर्ण वेग देते आहे असं समजा. राउटरचं पोर्ट शंभरचं असेल तर त्याहून जास्त आकडा दिसतच नाही. फाइल उतरवताना सेकंदाला बारा मेगाबाइटच्या आसपास वेग दिसला, तरी घाबरू नका. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट.

दुसरा गोंधळ सर्व्हरचा. स्पीड टेस्टचं ॲप बहुतेक वेळा सर्वांत जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो अनेकदा त्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे मोजमाप आपल्या घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचंच होतं. आपण पाहतो तो व्हिडिओ आणि आपली ऑफिसची मीटिंग मात्र त्या दाराच्या पलीकडून येते. म्हणून सर्व्हरच्या यादीत जाऊन दुसऱ्या कंपनीचा, शक्यतो मुंबईतला सर्व्हर निवडायचा आणि तीच टेस्ट पुन्हा करायची.

पुण्यात धायरीला ओळखीच्या एका घरी आम्ही हे करून पाहिलं. प्लॅन शंभरचा होता. बेडरूममध्ये वाय-फायवर आकडा आला ३८, राउटरजवळ केबल लावून ९४. इथपर्यंत दोष घरातल्या वाय-फायचा होता आणि कंपनी निर्दोष ठरत होती. रात्री साडेनऊला केबल लावूनच पुन्हा मोजलं. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर ९२ आले आणि बाहेरच्या सर्व्हरवर फक्त ३१. बाहेरचा सर्व्हरच मंद असेल म्हणून दुसरा घेऊन पाहिला, तिथेही तेच. सकाळी सातला मात्र त्याच बाहेरच्या सर्व्हरवर ९० मिळाले. यातून निदान अगदी नेमकं झालं: घरापर्यंतची लाइन ठणठणीत आहे, पण रात्री सगळे एकदम नेटवर बसले की कंपनीने बाहेर जायला घेतलेली क्षमता पुरत नाही. राउटर बदलून किंवा महागडा प्लॅन घेऊन हे सुटणार नाही. रिव्ह्यूमध्ये लिहायचा आकडा हा रात्रीचा, बाहेरच्या सर्व्हरचा. मात्र त्याआधी महिन्याची डेटा मर्यादा संपली नाही ना, एवढं ॲपमध्ये बघून घ्या. 'अमर्याद' म्हणवणाऱ्या अनेक प्लॅनमध्ये ३३०० जीबीनंतर वेग कमी होतो.

आता नेट बंद पडण्याबद्दल. ९९ टक्के वेळ चालू, हे ऐकायला भारदस्त वाटतं. पण तीस दिवसांचे तास होतात ७२०, आणि त्यातला एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटं. हे सात तास रात्री दोन ते चार असे विखुरले तर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. मुलाच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी एकदम आले तर दिवस वाया गेला. म्हणून किती वेळ गेलं याबरोबर कधी गेलं हेही टिपायला हवं. फ्रिजवर एक कागद लावा आणि त्यावर बंद पडल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ आणि राउटरवर कोणता दिवा होता, एवढंच लिहा. फायबरच्या डब्यावर LOS नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही: फायबर तुटलं आहे, वाकलं आहे किंवा स्प्लिटरवरून निघालं आहे. तो बंद असून PON चा हिरवा दिवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर फायबर शाबूत आहे आणि बिघाड बहुधा पुढे कंपनीकडे आहे. वीज गेल्यामुळे राउटर बंद पडला, तर तो वेळ कंपनीच्या नावावर धरू नका. पण तुमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असताना नेट गेलं, तर परिसरातल्या केबलवाल्याच्या यंत्रणेला बॅटरी नाही असा अंदाज बांधता येतो, आणि ही गोष्ट रिव्ह्यूमध्ये नक्की यावी.

नेट पूर्ण बंद न पडता मधूनमधून अडखळतं, तेव्हा मीटिंगमध्ये आवाज तुटतो पण स्पीड टेस्ट छान येते. ते पकडायला विंडोजच्या लॅपटॉपवर ही एक आज्ञा पुरते:

```
ping -n 100 8.8.8.8
```

शंभर छोटे निरोप पाठवून किती परत आले, ते शेवटी दिसतं. केबल लावलेली असताना शंभरातले दोन-तीन जरी हरवत असतील, आणि वेगवेगळ्या वेळी तेच होत असेल, तर तक्रार करायला तेवढा पुरावा पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच कंपनीच्या आकड्यांत दिसत नाही. आमच्याच भागातला प्रकार सांगते. रस्ता खोदताना फायबर तुटलं आणि शुक्रवारी रात्री नऊला एका घरचं नेट गेलं. लगेच तक्रार केली, डॉकेट नंबर आला. शनिवारी दुपारी एकला मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. LOS चा लाल दिवा तसाच लुकलुकत होता. दोनला दुसरी तक्रार केली. ती सोमवारी सकाळी दहाला 'ग्राहकाशी संपर्क झाला नाही' या शेऱ्यासह बंद झाली. साडेदहाला तिसरी, आणि मंगळवारी सकाळी अकराला एकदाचा माणूस येऊन जोडून गेला.

कंपनीच्या दप्तरात इथे तीन तक्रारी आहेत: एक १६ तासांत मिटली, दुसरी ४४ तासांत, तिसरी साडेचोवीस तासांत. घरात मात्र नेट सलग ८६ तास नव्हतं. ट्रायच्या नियमांनुसार लँडलाइन ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांहून जास्त रखडला, तर ग्राहकाला भाड्यात सूट मिळायला हवी. ८६ तास म्हणजे तीन दिवस उलटून गेले होते, पण तीनपैकी एकाही तक्रारीने ७२ तास गाठले नव्हते. तक्रार बंद करून नवी उघडली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

यावर उपाय आहेत. दुसऱ्यांदा तक्रार करताना 'नवी तक्रार' म्हणू नका. आधीचा डॉकेट नंबर सांगा, तोच बिघाड अजून चालू आहे असं नोंदवून घ्या, आणि लाल दिव्याचा फोटो व बंद केल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट वेळेसकट जपा. काही कंपन्यांत काम झाल्यावर ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो दिल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. "साहेब, ओटीपी द्या, तासाभरात होऊन जाईल" असं फोनवर कुणी म्हटलं तर देऊ नका. नेट चालू झाल्यावरच तो द्यायचा.

एवढं करूनही दाद लागली नाही, तर कंपनीतल्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ही सोय २०१२ च्या ट्रायच्या नियमांनी दिली आहे, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवून वेळ घालवू नका. त्याऐवजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तिथे तुमचा फ्रिजवरचा कागद आणि स्क्रीनशॉट हाच पुरावा.

मोबाइलचं मोजमाप थोडं निराळं आहे. ट्राय शहरांत आणि महामार्गांवर गाडी फिरवून नेटवर्क मोजते आणि ते अहवाल प्रसिद्ध करते, पण गाडी रस्त्यावरून जाते, तुमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघरातून नाही. म्हणून नंबर पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेल्या पाहुण्याचा फोन घ्या आणि घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात रात्रीच्या वेळी तपासा. संपूर्ण जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ, असा नियम ट्रायने २०२४ मध्ये केला. एका गल्लीतलं नेटवर्क गेलं तर तो लागू होत नाही.

असा महिना मोजला, की रिव्ह्यू चार ओळींत होतो. नमुना पाहा: 'धायरी, सी विंग, फायबर, शंभरचा प्लॅन, जून महिना. केबल लावून सकाळी ९०, रात्री साडेनऊला बाहेरच्या सर्व्हरवर ३१. एकूण ९२ तास बंद, त्यातले ८६ सलग, रस्ता खोदल्यामुळे. पहिल्या तक्रारीपासून नेट चालू होईपर्यंत ८६ तास. मध्ये दोनदा काम न करता तक्रार बंद केली.' यात एकही विशेषण नाही, तरी शेजाऱ्याला निर्णय घ्यायला लागणारं सगळं आहे. आणि हाच रिव्ह्यू केबलवाल्याला दाखवला, तर "आमच्याकडून सगळं ओके आहे" हे उत्तर त्याला देता येत नाही.

नवीन कनेक्शन घेताना एजंट सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरायला सांगतो, वर एखादा महिना फुकट देतो. ते नाकारून आधी एकाच महिन्याचे पैसे भरा, हे तीन आकडे काढा आणि मगच पुढचं ठरवा. महिना निवडायची मुभा असेल तर पावसाळ्यातला निवडा. रस्त्यात साचलेलं पाणी, पडणाऱ्या फांद्या आणि वारंवार जाणारी वीज, या सगळ्यांतून जी लाइन टिकते, तिला वर्षाचे पैसे द्यायला हरकत नाही.