बसून झोपताना मान का मोडते?

मी म्हैसूरला राहते आणि पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. पाहुणे दसरा बघायला येतात, परतीचा बर्थ मिळत नाही आणि मग पुण्या-मुंबईपर्यंत सेमी-स्लीपर बसच्या खुर्चीत रात्र काढावी लागते. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "मान एका बाजूला वळतच नाहीये." म्हणून आजचा बराचसा वेळ मी या बसून झोपण्यालाच देणार आहे. आडवं होऊन झोपणं त्यामानाने सोपं असतं.

आधी कारण समजून घेऊ. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. जागेपणी मानेचे स्नायू ते तोलून धरतात. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात आणि डोकं पुढे किंवा बाजूला कलंडतं. दचकून आपण ते सावरतो, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा डोकं पडतं. रात्रभर हेच चालतं. मध्येच खोल झोप लागलीच, तर डोकं तासभर एका बाजूला लोंबतं आणि विरुद्ध बाजूचे स्नायू ताणलेलेच राहतात. सकाळी दुखते ती बहुतेकदा हीच बाजू.

डोकं मागे क्वचितच पडतं, कारण मागे सीट असते. मग आधार हवा कुठे? पुढे आणि बाजूंना. बाजारात मिळणाऱ्या यू आकाराच्या उशीचा जाड भाग मात्र नेमका मानेमागे येतो. तो डोक्याला पुढे ढकलतो आणि डोकं पडायला उलट मदतच करतो. तुमच्याकडे अशी उशी असेल तर घरीच तपासा. खुर्चीला टेकून बसा, उशी घाला आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. कान साधारण खांद्याच्या वर दिसला तर ठीक. कान खांद्याच्या बराच पुढे असेल आणि हनुवटी छातीकडे झुकली असेल, तर उशी फिरवून घाला. जाड भाग हनुवटीखाली आला पाहिजे आणि मोकळी बाजू मागे.

पण मानेचं हे गणित खरं कमरेपासून सुरू होतं. माझ्या आत्याचंच उदाहरण देते. वय सत्तरच्या आसपास, उंची जेमतेम पाच फूट. म्हैसूरहून पुण्याला बसने निघाली होती. सीटवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. अशा वेळी माणूस नकळत पुढे घसरतो, कंबर आणि पाठीच्या मध्ये पोकळी पडते, पाठीचा बाक वाढतो आणि डोकं पुढे येतं. कितीही महाग उशी आणली तरी ती इथे हरते.

म्हणून आम्ही खालून सुरुवात केली. पायांखाली तिची कपड्यांची बॅग आडवी ठेवली, म्हणजे मांडीखाली सीटची कड रुतेना. मग तिला मागे सरकून पूर्ण टेकून बसायला सांगितलं आणि कमरेच्या खळग्यात पंचाची मनगटाएवढ्या जाडीची गुंडाळी ठेवली. सीट जेवढी मागे जाते तेवढी नेली. पाठ जितकी मागे कलते तितकं डोक्याचं वजन सीटवर जातं आणि मानेवरचं कमी होतं, म्हणून संकोच न करता सीट मागे घ्यावी. फक्त मागच्या माणसाला आधी सांगा, तेवढं सौजन्य हवंच. शेवटच्या रांगेतली सीट अनेक बसमध्ये मागे जातच नाही, म्हणून तिकीट काढताना ती टाळा.

मानेसाठी उशी नव्हती, शाल होती. तीच लांबट गुंडाळली, मधला भाग हनुवटीखाली आला आणि दोन्ही टोकं खांद्यांवरून मागे नेऊन पाठ आणि सीटच्या मध्ये दाबली. इथे एक पक्कं लक्षात ठेवा: गाठ मारायची नाही. गळा आणि शाल यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खिडकीकडच्या बाजूला आणखी एक टॉवेल घडी करून ठेवला, कारण काचेला थेट डोकं टेकलं की हादरे बसतात आणि एसीचा गारवाही लागतो. पुण्याला उतरल्यावर तिने फोन केला तो मानेबद्दल नव्हताच. शेजारचा प्रवासी रात्रभर मोबाइलवर मालिका बघत होता, ही तक्रार होती!

तर आता कानांकडे वळू. ऐकण्याच्या शास्त्राशी आमच्या गावाचा जुना संबंध आहे. इथल्या मानसगंगोत्री परिसरात वाणी आणि श्रवण यांची अखिल भारतीय संस्था 1960 च्या दशकापासून काम करते आहे. फोमचे इअरप्लग स्वस्त असतात, पण बरेच जण ते नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात. हात धुवा, प्लग बोटांत फिरवून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. मग दोन्ही हातांनी कान झाका. झाकल्यावर आवाज एकदम कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा आत मळ साठला असेल तर प्लग वापरू नका.

आवाज कापणारे हेडफोन विमानाच्या एकसुरी घरघरीवर चांगले चालतात. गप्पा आणि घोरणं यांवर मात्र साधा प्लगच बरा पडतो. आवाज बुडवायला गाणी मोठ्याने लावू नका, त्यात कानांचंच नुकसान होतं. विमान उतरू लागण्याआधी प्लग काढून ठेवा, म्हणजे हवेचा दाब बदलताना कानाला त्रास कमी होतो. उतरायचं ठिकाण चुकू नये म्हणून फोनचा गजर थरथरीवर लावून फोन छातीजवळच्या खिशात ठेवा.

रेल्वेबद्दल थोडंसं. म्हैसूरहून पंढरपूरला जाणारी गोल गुंबझ एक्सप्रेस असो की दादरला जाणारी शरावती, शक्य असेल तर डब्याच्या मधला बर्थ मागा. स्लीपर आणि थ्री एसीत 33 ते 40 हे क्रमांक साधारण मध्यावर येतात. दारांची आपटाआपट आणि चाकांचा खडखडाट तिथे कमी असतो. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल एवढी उंच उशी हवी, पाठीवर झोपत असाल तर तिच्या निम्मीही पुरते. रात्री दहा ते सकाळी सहा ही रेल्वेने झोपेसाठी ठरवलेली वेळ आहे. मोबाइलचा आवाज बंद करायला सांगताना ओशाळू नका.

आणि बसून झोपणाऱ्यांनी पायांना विसरू नये. चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता बसलं तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हा धोका एकूण कमी असला, तरी नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना, गरोदर बायकांना आणि आधी गुठळी झालेल्यांना जास्त असतो. त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. झोपेची गोळी किंवा दारू घेऊन बसल्या जागी झोपू नका, त्यामुळे माणूस तासन्‌तास हलत नाही. जाग येईल तेव्हा टाचा टेकवून चवडे वर-खाली करा, बस थांबली की खाली उतरून चार पावलं चाला. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा.