नाण्याएवढा सेल, दुप्पट व्होल्ट

टॉर्चमध्ये पूर्वी घालायचो तो जाडजूड सेल आणि टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल, दोन्ही 1.5 व्होल्टचेच. गाडीच्या चावीत किंवा वजनकाट्यात असतो तो CR2032 मात्र 20 मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम 3 मिलिमीटर जाड, आणि तरी 3 व्होल्टचा. मल्टिमीटरच्या वायरी लावून पाहा. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल 1.6 च्या आसपास दाखवतो, नवा बटण सेल 3.2 च्या आसपास. सेल किती दिवस पुरेल ते आकारावर ठरतं. व्होल्ट किती मिळणार, ते आत कोणते दोन पदार्थ बसवलेत त्यावर.

गंमत म्हणजे या दोन्ही सेलांत धन टोकाला एकच पदार्थ आहे, मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड. फरक फक्त ऋण टोकाला. पेन्सिल सेलमध्ये तिथे जस्ताची पूड असते, बटण सेलमध्ये लिथियमची पातळ चकती.

धातू इलेक्ट्रॉन सोडायला किती उतावळा आहे, याचं माप म्हणजे इलेक्ट्रोड विभव. एकट्या धातूचं विभव मोजता येत नाही. मीटरला नेहमी दोन वायरी लागतात. म्हणून डोंगराची उंची जशी समुद्रसपाटीपासून मोजतात, तसं हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडला शून्य धरलं आहे. त्या हिशेबाने तांबं +0.34 व्होल्टवर, जस्त −0.76 वर आणि लिथियम थेट −3.04 वर. आकडा जितका ऋण, तितका धातू उतावळा. धन टोकाच्या आकड्यातून ऋण टोकाचा वजा केला की सेलचे व्होल्ट हाती येतात.

पण लिथियम इतका खाली का? इलेक्ट्रॉन सहज सुटतो म्हणून, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते पुरतं खरं नाही. लिथियमचा इलेक्ट्रॉन उपटायला दर मोलला 520 किलोज्यूल लागतात, पोटॅशियमचा 419 मध्येच निघतो. तरी विभव लिथियमचंच जास्त ऋण. जमाखर्च पूर्ण मांडला की कोडं सुटतं. अणू धातूतून सुटा करायला 159, इलेक्ट्रॉन काढायला 520, हा झाला खर्च. मागे उरलेला आयन एवढासा असतो की पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात आणि त्यात साधारण 520 परत मिळतात. निव्वळ खर्च 160. जस्ताचे दोन इलेक्ट्रॉन काढायचे तर 130 आणि 2640 खर्च, परतावा 2046. म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे साधारण 360. तफावत 200 किलोज्यूलची. इलेक्ट्रॉनांच्या एका मोलमागे 96.5 किलोज्यूल म्हणजे एक व्होल्ट, तेव्हा फरक 2.1 व्होल्टचा निघतो. तक्त्यातला 2.28 आहे. एवढ्या ढोबळ हिशेबाला हे पुष्कळच जवळ.

आता एक अडचण. 1.6 मध्ये 2.28 मिळवले तर बटण सेल 3.9 व्होल्टचा हवा होता. मीटर तर 3.2 म्हणतो. कारण −0.76 हा आकडा साध्या क्षाराच्या द्रावणातल्या जस्ताचा आहे. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते जस्ताचे आयन सुटे राहू देत नाही, आणि जस्ताचं विभव −1.25 पर्यंत उतरतं. लिथियमशी फरक उरतो 1.8 चा. 1.6 अधिक 1.8, झाले 3.4. थोडी चूक तरीही राहतेच, कारण तक्ता पाण्यातला आहे आणि बटण सेलमध्ये पाण्याचा थेंबही चालत नाही.

तो चालत नाही याचं कारणही −3.04 हेच. एवढा उतावळा धातू पाण्यालाच इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. हायड्रोजन फसफसून बाहेर येतो आणि वायरीतून काहीच जात नाही. म्हणून लिथियमचा क्षार सेंद्रिय द्रावकात विरघळवतात आणि सेल कोरड्या हवेत भरून घट्ट बंद करतात. जस्ताचा सेल स्वस्त पडतो, याचं एक कारण त्याला पाणी चालतं हे आहे.

आणि वेष्टनावर ‘लिथियम’ दिसलं म्हणून 3 व्होल्ट गृहीत धरू नयेत. लिथियमचे 1.5 व्होल्टचे पेन्सिल सेलही मिळतात. त्यांत धन टोकाला मुद्दाम आयर्न डायसल्फाइड ठेवतात. त्याचं विभव मँगनीज डायऑक्साइडपेक्षा बरंच खाली असल्याने वजाबाकी लहान होते आणि सेल साध्या रिमोटला चालतो. याउलट 14500 नावाचा रिचार्जेबल लिथियम-आयन सेल दिसायला जवळजवळ तसाच, पण 3.7 व्होल्टचा. दोन पेन्सिल सेलांच्या खेळण्यात असे दोन घातले तर 3 च्या जागी 7.4 व्होल्ट जातात. त्याची मोटर थोडा वेळ झकास फिरते, मग जळका वास येतो.