चक्रीवादळाच्या नकाशावरचा रुंदावणारा पट्टा

अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ तयार झाले की हवामान खाते नकाशा प्रसिद्ध करते. वादळ सध्या कुठे आहे ते एका खुणेने दाखवलेले असते. तिथून निघालेली एक रेषा पुढच्या काही दिवसांचा अंदाजित मार्ग सांगते, आणि त्या रेषेभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा रंगीत पट्टा असतो. या पट्ट्याला अनिश्चिततेचा शंकू म्हणतात. भारतीय हवामान खाते 2009 पासून तो आपल्या नकाशांवर दाखवत आले आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर लाखो लोक हा नकाशा पाहतात, आणि त्यातले बरेच जण तो चुकीचा वाचतात. वादळ जाता जाता मोठे होत जाणार, किंवा पट्ट्यात येणारा सगळा भाग वादळाखाली सापडणार आणि बाहेरचा सुरक्षित राहणार, असा अर्थ लावला जातो. यातले काहीही तो पट्टा सांगत नाही.

पट्टा फक्त एकाच गोष्टीबद्दल आहे: वादळाचा केंद्रबिंदू कुठे असू शकेल. तो कसा काढतात हे पाहिले की त्याचा अर्थ आपोआप उलगडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राची पद्धत यासाठी सर्वांत स्पष्ट आहे. केंद्र मागच्या पाच वर्षांतले आपले अंदाज काढते आणि वादळ प्रत्यक्षात कुठे होते त्याच्याशी ताडून पाहते. 24 तासांचा अंदाज किती किलोमीटरने चुकला, 48 तासांचा किती, 72 तासांचा किती, अशी चुकांची यादी तयार होते. मग प्रत्येक मुदतीसाठी एक वर्तुळ ठरते. त्याची त्रिज्या अशी निवडतात की आजवरच्या चुकांपैकी दोन तृतीयांश त्या वर्तुळात मावतील. अटलांटिक महासागरासाठी 2024 च्या हंगामात ही त्रिज्या 24 तासांना सुमारे 75 किलोमीटर, 72 तासांना सुमारे 190 आणि पाच दिवसांना सुमारे 400 किलोमीटर होती. अंदाजित मार्गावरच्या ठिकाणांवर ही वर्तुळे ठेवून त्यांच्या कडा जोडल्या की पट्टा तयार होतो.

म्हणजे पट्ट्याची रुंदी हा मागच्या चुकांचा हिशेब आहे. वादळाला ढकलणारे वरच्या थरांतले वारे आज थोडे चुकीचे मोजले गेले, तर ती चूक उद्या वाढते आणि परवा आणखी वाढते. म्हणून पट्टा रुंदावतो. पट्ट्याच्या टोकाशी वादळ मोठे झालेले नसते, अंदाज देणाऱ्याची खात्री कमी झालेली असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वर्तुळात दोन तृतीयांश चुकाच मावतात, याचा सरळ अर्थ असा की दर तीन वेळांमागे साधारण एकदा केंद्रबिंदू वर्तुळाबाहेर जातो. हा अंदाज फसल्याचा पुरावा नव्हे, ते पट्ट्याच्या व्याख्येतच आहे. शिवाय हरिकेन केंद्र एका हंगामात सगळ्या वादळांना हीच वर्तुळे वापरते. सरळ मार्गाने जाणाऱ्या वादळालाही तेवढाच पट्टा मिळतो आणि वळणावर अडखळलेल्या वादळालाही तेवढाच. या विशिष्ट वादळाबद्दल तज्ज्ञांना किती खात्री आहे, हे पट्ट्याच्या रुंदीवरून कळत नाही. ते सोबतच्या मजकुरात वाचावे लागते.

रेषेवर नजर खिळली की काय होते, याचे उदाहरण फ्लोरिडातले चार्ली वादळ आहे. ऑगस्ट 2004 मध्ये ते क्यूबा ओलांडून उत्तरेकडे निघाले. अंदाजाची मधली रेषा टॅम्पा शहराकडे जात होती, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष टॅम्पावर लागले. 13 ऑगस्टला वादळ थोडे उजवीकडे वळले, काही तासांत त्याचा जोर प्रचंड वाढला आणि ते टॅम्पापासून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला पुंटा गोर्डाजवळ जमिनीवर आले. वारे ताशी सुमारे 240 किलोमीटर होते. पुंटा गोर्डा पट्ट्याच्या आत होते, इशाराही दिलेला होता. तरी तिथल्या अनेकांना वादळ अनपेक्षित वाटले, कारण त्यांनी रेषा पाहिली होती.

इतक्या लहान वळणाने एवढा फरक का पडला, याचे उत्तर किनाऱ्याच्या दिशेत आहे. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा वादळाच्या मार्गाला जवळपास समांतर होता. मार्ग आणि किनारा यांच्यातला कोन 15 अंश धरला, तर मार्ग 50 किलोमीटर बाजूला सरकताच जमिनीवर येण्याचे ठिकाण सुमारे 190 किलोमीटरने सरकते. वादळ किनाऱ्यावर काटकोनात चालून येत असते, तर तोच फरक 50 किलोमीटरच राहिला असता.

कोकणाचा किनाराही दक्षिणोत्तर आहे आणि अरबी समुद्रातली अनेक वादळे त्याला धरून उत्तरेकडे सरकतात, त्यामुळे हा हिशेब इथेही तितकाच लागू आहे. मे 2021 मधले तौक्ते असेच गेले. लक्षद्वीपजवळ तयार होऊन ते किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि 17 मेच्या रात्री सौराष्ट्रात दीव-उना भागात जमिनीवर आले. महाराष्ट्राच्या जमिनीवर त्याचे केंद्र आलेच नाही. तरीही सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडमध्ये घरांची छपरे उडाली, आंबा-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, आणि मुंबईत ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. केंद्र शंभरावर किलोमीटर दूर समुद्रात असताना हे घडले, कारण वारे, पाऊस आणि समुद्राचा उधाण यांचा पसारा केंद्रापासून शेकडो किलोमीटरपर्यंत असतो. पट्टा हा पसारा दाखवत नाही.

मग नकाशा वाचायचा कसा? सर्वांत आधी तो केव्हाचा आहे ते पाहावे. वादळ सुरू असताना हवामान खाते दर तीन तासांनी नवे पत्रक काढते, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा अनेकदा कालचा असतो. खुणांवरच्या वेळा बहुधा यूटीसीमध्ये असतात, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. 17/1200 असे लिहिले असेल, तर ती 17 तारखेची संध्याकाळी साडेपाचची वेळ आहे. त्यानंतर मधली रेषा बोटाने झाकून पट्टा पाहावा. आपला तालुका पट्ट्यात आहे, एवढे कळले की रेषेपासूनचे अंतर मोजत बसण्यात अर्थ नाही. एकामागून एक आलेले तीन-चार नकाशे शेजारी ठेवणे तर फारच उपयोगी ठरते. प्रत्येक नव्या नकाशात पट्टा एकाच बाजूला सरकत असेल, तर अंदाज बदलतो आहे आणि तो आणखी बदलू शकेल, असे धरावे.

शेवटी पट्टा बाजूला ठेवून जिल्हानिहाय इशारा वाचावा. वाऱ्याचा अपेक्षित वेग, पावसाचे प्रमाण, उधाणाच्या लाटेची उंची आणि मच्छीमारांनी कुठवर जायचे नाही, हे सगळे तिथे दिलेले असते. घर सोडायचे की नाही, होडी ओढून घ्यायची की नाही, हा निर्णय त्या इशाऱ्यावरून घ्यावा, नकाशावरच्या रंगाच्या कडेवरून कधीही घेऊ नये.